विश्लेषण : शेतीच्या गेममध्ये घाई का करता येत नाही?

बहुतेक व्हिडीओ गेममध्ये खेळाडू चपळ असेल, तर तो लवकर पुढे जातो. शेतीच्या गेममध्ये मात्र चपळाईला फारशी किंमत नाही. कितीही हुशार खेळाडू असला, तरी बारा दिवसांचे पीक बाराव्या दिवसाआधी हाती येत नाही आणि गावातल्या माणसाशी एका दिवसात घट्ट मैत्री होत नाही. असे असूनही हे गेम लोक शेकडो तास खेळतात. यामागे तीन साधी साधने आहेत : ठरावीक दिवसांचे कॅलेंडर, पीक बदलायला लावणारे ऋतू आणि मैत्री मोजणारा तक्ता. ती कशी चालतात, हे ‘स्टारड्यू व्हॅली’ या गेममध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. ही साधने खेळाडूसाठी वापरली आहेत की त्याच्याविरुद्ध, हेही या गेमच्या आधारे ओळखता येते.

हा गेम आला कुठून?

शेती आणि गावातले रोजचे जगणे एकत्र आणणारा हा प्रकार जपानमधला. यासुहिरो वादा यांनी तयार केलेला आणि पुढे इंग्रजीत ‘हार्वेस्ट मून’ या नावाने ओळखला गेलेला पहिला गेम १९९६ मध्ये आला. लढाई आणि शर्यतीच्या गेमची चलती असताना त्यात नांगरणी, पेरणी, गुरे, गावकरी आणि लग्न एवढाच संसार होता. त्याच धाटणीवर एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून ‘स्टारड्यू व्हॅली’ तयार केला. चित्रे, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग सारे त्याचेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा गेम कॉम्प्युटरवर आला, २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०१९ मध्ये अँड्रॉइडवर. गोष्ट साधी आहे. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला नायक किंवा नायिका आजोबांच्या ओसाड शेतावर येते. हातात ५०० नाणी, थोडे बियाणे आणि समोर दगड-झुडपांनी भरलेली जमीन.

२८ दिवसांचाच ऋतू का?

गेममधल्या वर्षात वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार ऋतू येतात आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो. अठ्ठावीस म्हणजे बरोबर चार आठवडे. त्यामुळे प्रत्येक ऋतूची पहिली तारीख सोमवारीच येते आणि तेरा तारखेला नेहमी शनिवारच असतो. खऱ्या कॅलेंडरमध्ये वार दरवर्षी सरकतात, इथे सरकत नाहीत. दोन-तीन ऋतू खेळले की सगळे वेळापत्रक पाठ होते. बियाण्याचे दुकान बुधवारी बंद असते, फिरता व्यापारी शुक्रवारी आणि रविवारी येतो, उद्याचे हवामान टीव्हीवर आदल्या दिवशी कळते. खऱ्या शेतकऱ्याला कधीच न मिळणारी ही खात्री खेळाडूला पहिल्या दिवसापासून मिळते.

दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि फार तर रात्री दोनपर्यंत चालतो. गेममधली दहा मिनिटे खऱ्या घड्याळातल्या साधारण सात सेकंदांत जातात. म्हणजे पूर्ण दिवस सुमारे चौदा मिनिटांत संपतो. पाणी घालणे, खाणीत जाणे, मासेमारी, गावात चक्कर या सगळ्यांसाठी एवढाच वेळ. शिवाय प्रत्येक कामाला शक्ती खर्च होते आणि ती झोपेनेच नीट भरते. दिवस लहान असल्यामुळे काहीतरी उद्यावर टाकावेच लागते. ‘आज काय करायचे नाही’ हे ठरवणे हाच या गेममधला खरा निर्णय आहे.

तारीख चुकली तर काय होते?

पहिल्या वसंतात फ्लॉवर हे फायद्याचे पीक आहे. बी ८० नाण्यांना मिळते, गड्डा किमान १७५ नाण्यांना विकला जातो. पण त्याला तयार व्हायला बारा दिवस लागतात. सोळा तारखेला लावलेले आणि रोज पाणी घातलेले फ्लॉवर अठ्ठावीस तारखेला, म्हणजे वसंताच्या शेवटच्या दिवशी, काढता येते. सतरा तारखेला लावले, तर ते उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी वाळून गेलेले दिसते. फक्त एका दिवसाचा फरक. दहा बिया लावल्या असतील, तर ८०० नाणी मातीत जातात. पहिल्या वसंतात ही रक्कम मोठी असते.

या नुकसानीत अन्याय नाही, कारण ऋतू आणि लागणारे दिवस बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले असतात. खेळाडूने फक्त बेरीज करायची असते. सतरा तारखेनंतर सहा दिवसांचा बटाटा लावता येतो, बावीसनंतर चार दिवसांचे पार्सनिप हे कंदमूळ. ऋतू जसा सरतो तसे पर्याय कमी होत जातात आणि शेवटच्या आठवड्यात शेतातले काम आपोआप हलके होते. अशा वेळी खेळाडू खाणीकडे किंवा गावाकडे वळतो. त्याला तिकडे ढकलणारी सूचना गेमने दिलेली नसते. ते काम कॅलेंडर करते.

स्ट्रॉबेरीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिचे बी पहिल्या वर्षी तेरा वसंतला, गावातल्या अंड्यांच्या उत्सवात १०० नाण्यांना मिळते. तोपर्यंत ऋतू जवळपास निम्मा सरलेला असतो. पहिले फळ आठ दिवसांनी आणि नंतर दर चार दिवसांनी मिळते. उत्सवातून परतल्यावर त्याच रात्री लावले, तर एकवीस आणि पंचवीस तारखेला असे दोन तोडे हाती येतात. तेच बी जपून ठेवून पुढच्या वर्षी एक वसंतला लावले, तर नऊ, तेरा, सतरा, एकवीस आणि पंचवीस असे पाच तोडे मिळतात. आजचे दोन की वर्षभराने पाच, हा प्रश्न पैशांचा वाटला तरी तो खरे तर वेळेचा आहे. एवढी छोटी आकडेमोड खेळाडूला पुढच्या वर्षाचा विचार करायला लावते.

गावाचे पडके समाजमंदिर दुरुस्त करण्याचे मोठे कामही असेच बांधलेले आहे. त्यासाठी वसंत, उन्हाळा आणि शरद अशा तिन्ही ऋतूंची पिके जमा करावी लागतात. वसंतात फ्लॉवरचा एक गड्डा बाजूला ठेवायला विसरले, तर पुढच्या वसंतापर्यंत थांबावे लागते. फिरत्या व्यापाऱ्याकडे तो नशिबाने आणि चढ्या भावात मिळाला तरच सुटका. पैसा असो वा कौशल्य, साधारण एक वर्ष जगल्याशिवाय हे काम बहुतेकांचे पूर्ण होत नाही.

मैत्रीचा तक्ता काय मोजतो?

गावातल्या तीसेक माणसांच्या नावांपुढे हृदयांची रांग असते. एक हृदय म्हणजे २५० गुण. रोज बोलले की साधारण २० गुण मिळतात. भेटवस्तू त्या माणसाला अतिशय आवडणारी असेल तर ८०, नुसती आवडणारी असेल तर ४५, आणि अगदी नकोशी असेल तर ४० गुण वजा होतात. बोलणे सोडले की रोज दोन-दोन गुण गळत राहतात.

या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा नियम गुणांचा नाही, मर्यादेचा आहे. एका माणसाला दिवसात एक आणि आठवड्यात दोनच भेटवस्तू देता येतात. हा नियम नसता तर काय झाले असते, ते पाहू. आठ हृदयांसाठी २००० गुण लागतात. आवडती वस्तू ८० गुणांची धरली, तर २५ वस्तू. पैसेवाल्या खेळाडूने २५ वस्तू पिशवीत भरून एका दुपारी मैत्री उरकली असती. मर्यादेमुळे मात्र आठवड्याला दोन भेटींचे १६० आणि रोजच्या बोलण्याचे १४० असे जास्तीत जास्त ३०० गुण मिळतात. म्हणजे आठ हृदयांना जवळपास सात आठवडे लागतात. गेमच्या कॅलेंडरमध्ये हे जवळपास दोन ऋतू झाले, आणि खऱ्या घड्याळात अकरा-बारा तासांचा खेळ.

ठरावीक हृदये भरली की त्या माणसाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग उलगडतो. एखाद्याचे घरातले भांडण, एखादीचे अर्धवट राहिलेले स्वप्न, युद्धावरून परतलेल्या माणसाची अस्वस्थता. मर्यादेमुळे हे प्रसंग आठवड्यांच्या अंतराने येतात. मधल्या काळात तो माणूस रोज दिसत राहतो, पावसात घरी थांबतो, शुक्रवारी गुत्त्यात बसतो. ओळख वाढल्याची भावना गुणांपेक्षा या मधल्या दिवसांमुळे येते.

भोपळा आणि वाढदिवस यांचा संबंध काय?

शेताचे कॅलेंडर आणि माणसांचे कॅलेंडर एकमेकांत कसे गुंफले आहे, हे ॲबिगेल या पात्राच्या वाढदिवसावरून समजते. बियाणे विकणाऱ्या पिएरची ही मुलगी. दुकानाबाहेर लावलेल्या कॅलेंडरवर तिचा वाढदिवस दिसतो : शरद ऋतूची तेरा तारीख. वाढदिवशी दिलेल्या वस्तूचे गुण आठपट होतात. आवडती वस्तू दिली तर एका झटक्यात ६४० गुण, म्हणजे अडीच हृदयांपेक्षा जास्त. वर पाहिलेल्या सात आठवड्यांतले दोनाहून अधिक आठवडे वाचतात.

ॲबिगेलला भोपळा अतिशय आवडतो आणि भोपळा शरदातच पिकतो. अर्थात खेळाडू एक तारखेला बी लावतो. पण भोपळ्याला तेरा दिवस लागतात, म्हणजे तो चौदा तारखेला तयार होतो. वाढदिवस कालच होऊन गेलेला असतो. पहिल्या वर्षी हे अनेकांच्या लक्षात चौदा तारखेच्या सकाळीच येते.

यातून वाटा तीन. एक, पेरणीच्या वेळी वाढ लवकर करणारे खत घालणे. दोन, भोपळ्याचा नाद सोडून खाणीत जाऊन तिचा दुसरा आवडता दगड, ॲमेथिस्ट, शोधून ठेवणे. तीन, एक भोपळा पेटीत ठेवून वर्षभर वाट पाहणे, कारण गेममधली पेटी माल सडू देत नाही. तिन्ही वाटांना आगाऊ विचार लागतो आणि एकही वाट पैसे टाकून ऐनवेळी उघडत नाही. एका दिवसाच्या या फरकामुळे शेत, खाण आणि गाव ही तीन वेगळी कामे एका गोष्टीत जोडली जातात. गेम खेळाडूला पुढे नेतो तो असा, छोट्या-छोट्या तारखांच्या आधाराने.

कॅलेंडरची पकड कायम राहते का?

नाही, आणि हीच या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे. पहिल्या वसंतात सकाळचा बराचसा वेळ हाताने पाणी घालण्यात जातो. पुढे तुषार सिंचनाची यंत्रे बनवता येतात आणि सकाळ मोकळी होते. समाजमंदिरातला पिकांचा विभाग पूर्ण केला की हरितगृह मिळते. त्यात कुठलेही पीक कुठल्याही ऋतूत येते. ज्या स्ट्रॉबेरीसाठी तारखा मोजल्या, ती हिवाळ्यातही तोडता येते. ऋतूंनी आधी अडवायचे आणि ते नियम शिकून घेतल्याचे बक्षीस म्हणून ऋतूंपासून सुटका द्यायची, अशी ही चाल आहे.

तिची किंमतही आहे. हरितगृह आणि सिंचन दोन्ही हाती आले, की उद्याची वाट पाहण्याचे कारण कमी होते. तिसऱ्या वर्षी मृत आजोबांचा आत्मा येऊन शेताचे मूल्यमापन करतो. त्यानंतर अनेकांना गेम सैल वाटू लागतो. शेती तीच असते, पैसा कितीतरी जास्त असतो, फक्त तारखेला वजन राहत नाही. प्रगतीला लावलेला ब्रेक हाच गेमचे इंजिन होता, हे ब्रेक काढल्यावर कळते.

हेच कॅलेंडर खऱ्या घड्याळाला बांधले तर?

इथे मोबाइलवर गेम खेळणाऱ्यांसाठी खरा प्रश्न सुरू होतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने खेळताना गेम बंद केला की वेळही थांबते. फोन आठवडाभर खिशात राहिला, तरी फ्लॉवर सुकत नाही आणि ॲबिगेल रुसत नाही. चौदा मिनिटांचा दिवस खेळाडूचा असतो.

२००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’ने हेच शेत खऱ्या घड्याळाला बांधले. तिथली स्ट्रॉबेरी खऱ्या चार तासांत तयार होत असे आणि वेळेत तोडली नाही तर वाळून जात असे. म्हणजे खेळाडू ऑफिसात असो वा झोपेत, शेत त्याला बोलावत राही. ‘हे डे’ हा २०१२ चा मोबाइल गेम या बाबतीत सौम्य आहे. त्यात तयार पीक वाळत नाही. पण तिथेही गहू खऱ्या दोन मिनिटांत आणि इतर गोष्टी कित्येक तासांत तयार होतात, आणि थांबायचे नसेल तर हिरे खर्च करता येतात. हिरे पैसे देऊन विकत मिळतात.

दोन्हींकडे वाट पाहणे आहेच. फरक हा की ‘स्टारड्यू व्हॅली’त वाट पाहताना खेळाडू दुसरे काहीतरी करत असतो : खाण, नदी, गाव. बारा दिवस म्हणजे बारा निवडींनी भरलेले दिवस. घड्याळी गेममध्ये वाट पाहणे रिकामे असते, आणि ते रिकामेच ठेवण्यात विक्रेत्याचा फायदा असतो. तिथे प्रतीक्षा हाच विकायचा माल असतो.

खरे घड्याळ वापरणारा प्रत्येक गेम लुबाडतो, असे मात्र नाही. निन्टेन्डोच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ मालिकेत २००१ पासून खरी तारीख आणि खरी वेळ चालते. तिच्यातल्या २०२० च्या गेममध्ये दुकान रात्री दहाला बंद होते, दक्षिण गोलार्ध निवडणाऱ्याला जूनमध्ये हिवाळा दिसतो. बरेच दिवस न फिरकल्यास घरात झुरळे होतात आणि शेजारी गैरहजेरीची आठवण करून देतात. पण हे नुकसान किरकोळ आहे आणि ते टाळण्यासाठी पैसे मागितले जात नाहीत. त्यामुळे दिवसातून अर्धा तास डोकावण्याचा हा गेम राहतो.

मग आक्षेप कशावर?

‘स्टारड्यू व्हॅली’ही निर्दोष नाही. कॉम्प्युटरवर त्यात प्रगती जतन होते ती दिवस संपवून झोपल्यावरच. उठल्यावर लगेच नवे पीक, नवे हवामान समोर येते आणि ‘आणखी एकच दिवस’ म्हणत मध्यरात्र उलटते. काही खेळाडू नोंदवही घेऊन प्रत्येक तारखेचा नफा मांडतात. नोकरीला कंटाळून शेतावर आलेल्या नायकाला ते दुसऱ्या नोकरीत अडकवतात.

मोठा आक्षेप मैत्रीच्या तक्त्यावर घ्यायला हवा. वेग आवरण्याचे साधन म्हणून तो उत्तम आहे, पण मैत्रीचे माप म्हणून आंधळा आहे. शेन या पात्राच्या प्रसंगांतून त्याचे दारूचे व्यसन आणि त्यामागचे नैराश्य उलगडत जाते. गेममधल्या सर्वांत गंभीर कथांपैकी ती एक. तरीही शेनला अतिशय आवडणाऱ्या वस्तूंच्या यादीत बिअर आहे आणि ती गुत्त्यात सहज मिळते. कथा त्याला दारूपासून दूर न्यायचा प्रयत्न करते, तक्ता मात्र बिअरच्या प्रत्येक बाटलीला ८० गुण देत राहतो. त्याच यादीत पिझ्झा आणि मिरचीही आहे, पण त्यातली निवड करायला गेम सांगत नाही. हा दोष एका लेखकाच्या दुर्लक्षाचा नाही. देणे मोजता येते, समजून घेणे मोजता येत नाही, आणि तक्ता मोजता येईल तेवढेच मोजतो.

म्हणून या तीन साधनांना एकाच मापाने तोलू नये. कॅलेंडर आणि ऋतू प्रामाणिक असतात. ते आधी सांगतात, मग अडवतात. मैत्रीचा तक्ता थोडे खोटे बोलतो, पण त्याची आठवड्याला दोन भेटींची मर्यादा त्यालाही माणसांच्या वेगाने चालायला लावते. एखादा नवा शेतीचा गेम फोनवर घेताना चित्रे किती गोंडस आहेत, यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. गेम बंद असताना त्याचे घड्याळ चालते का? आणि पीक लवकर काढण्यासाठी तो काय मागतो, पुढच्या वेळचे नियोजन की पैसे? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘पैसे’ असेल, तर शेत स्क्रीनवर दिसत असले तरी पीक दुसराच कोणी काढतो आहे.